मागचा स्टिकर आणि आतला थर्माकोल: फोटोवरून हेल्मेट कसं ओळखायचं

प्रश्न: "खानापूरहून रोज बाईकने बेळगावला उद्यमबागेत कामाला येतो, परत जाताना रात्र होते. हायवेवरच्या एका विक्रेत्याने फुल फेस हेल्मेटचे हे तीन फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत. साडेसहाशे म्हणतोय. मागे आयएसआय, डॉट आणि ईसीई असे तिन्ही स्टिकर आहेत. साइझ एक्सएल, माझ्या डोक्याचं माप ५७ सेंटिमीटर. फोटो बघून सांगा, ओरिजिनल आहे का? घेऊ का?"

घेऊ नका. कारणं सांगतो, म्हणजे पुढच्या हेल्मेटच्या वेळी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. आधी एक सांगून टाकतो: बेळगावात माझं टू-व्हीलरच्या सामानाचं दुकान आहे आणि मी हेल्मेटही विकतो. त्यामुळे माझं म्हणणं तपासूनच घ्या. खाली जे लिहितोय त्यातलं बहुतेक तुम्हाला मोबाईलवर स्वतः बघता येईल.

तुमचे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. हेल्मेट अस्सल आहे का, हा एक. ते तुमच्या डोक्याला आणि तुमच्या रस्त्याला चालेल का, हा दुसरा. अस्सल हेल्मेटसुद्धा एखाद्याच्या उपयोगाचं नसतं, असं दुकानात रोज दिसतं. फोटोवरून पहिल्या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर मिळतं, दुसऱ्याचं अर्धंच. तेही तुम्ही माप लिहिलंत म्हणून मिळालं.

पहिला फोटो मागच्या बाजूचा. लोक आयएसआयची तीन अक्षरं आणि भोवतीची चौकट बघून थांबतात. ती चौकट कुठल्याही रेडियमवाल्याकडे कापून मिळते. बघायच्या असतात त्या चौकटीच्या वरच्या आणि खालच्या ओळी. वरती मानकाचा नंबर हवा. दुचाकीच्या हेल्मेटसाठी तो आयएस ४१५१. खाली `CM/L` या अक्षरांनंतर एक लांब आकडा हवा. तो कारखान्याचा परवाना क्रमांक. जुने परवाने सात आकडी असतात, नवे दहा आकडी. वर किंवा खाली काहीच नसेल, किंवा नंबराच्या जागी नुसतं 'आयएसआय अप्रूव्ड', 'आयएसआय क्वालिटी' असं लिहिलं असेल, तर पुढे बघायचं कामच नाही.

वरच्या नंबराकडे डोळे उघडे ठेवून बघा, हे खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही उद्यमबागेत जाता. फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये मिळणाऱ्या पिवळ्या टोपीवरही खराखुरा आयएसआय असतो, परवानाही खराच असतो. फक्त वरती आयएस २९२५ असतं. ते कारखान्यातल्या हेल्मेटचं मानक आहे, वरून पडणाऱ्या वस्तूसाठी. शिफ्ट सुटली की तीच टोपी घालून गाडी काढणारे बरेच दिसतात. शिक्का खरा असला तरी रस्त्यावर त्या टोपीचा काही उपयोग नाही.

तुमच्या फोटोत वर आयएस ४१५१ आहे, खाली सात आकडी नंबरही आहे. म्हणजे दिसायला सगळं जागच्या जागी. खरी तपासणी इथून सुरू होते. भारतीय मानक ब्युरोचं `BIS Care` नावाचं मोफत ॲप आहे. त्यात परवान्याचा तपशील पडताळायचा पर्याय आहे, तिथे हा नंबर टाकायचा. सोन्याच्या दागिन्यांचा आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा पर्यायही तिथेच शेजारी असतो, चुकून त्यात नंबर टाकला तर काहीच सापडत नाही आणि लोक उगाच माल खोटा ठरवतात. बरोबर जागी टाकला की कारखान्याचं नाव, पत्ता, परवाना चालू आहे की संपलाय, तो कोणत्या मालासाठी आहे आणि त्यात कोणते ब्रँड येतात, हे सगळं समोर येतं.

तुमच्या फोटोत शेवटच्या आकड्यावर फ्लॅशची चमक पडलीय, तो ३ आहे की ८ हे कळत नाही. मी दोन्ही टाकून बघितले. एकाची नोंदच सापडली नाही. दुसरा नंबर निघाला खरा: परवाना आयएस ४१५१ चाच, आणि चालू. विक्रेत्याने तुम्हाला इथपर्यंतचं दाखवलं असतं तर तुम्ही पैसे काढून दिले असते. पण खाली जे नाव आणि जे ब्रँड आले, त्यांचा तुमच्या हेल्मेटच्या कपाळावर छापलेल्या नावाशी काही संबंध नाही.

इथे घाई करून निकाल देऊ नये. एका कंपनीचं हेल्मेट दुसऱ्याच्या कारखान्यात तयार होणं या धंद्यात नवं नाही. तसं असेल तर परवाना कारखान्याच्या नावावर असतो आणि कपाळावर ब्रँड दुसरा दिसतो. पण मग तो ब्रँड ॲपमधल्या यादीत यायला हवा, आणि हेल्मेटच्या आतल्या लेबलवर त्या कारखान्याचं नाव हवं. तुमच्या बाबतीत ब्रँड यादीत नाही. आतलं लेबल दुसऱ्या फोटोत अर्धं दिसतंय, त्यावर 'एक्सएल' सोडून काही नाही. बनवणाऱ्याचं नाव नाही, महिना-वर्ष नाही. चांगल्या मालावर बनवणारा, साइझ आणि कधी बनवलं हे कुठे ना कुठे टिकाऊ छापलेलं असतं. तेव्हा माझा अंदाज असा, की कुणीतरी चालू परवान्याचा नंबर दुसऱ्याच्या हेल्मेटवरून उचलून इथे छापलाय. नकली माल बनवणारा हल्ली मनचा नंबर लिहीत नाही. ॲपवर 'नोंद नाही' आलं की गिऱ्हाईक पळतं, हे त्यालाही कळलंय.

काही जण म्हणतात, आयएसआय स्टिकरवर असेल तर खोटा आणि कोरलेला असेल तर खरा. असं काही नाही. चांगल्या कंपन्याही स्टिकर लावतात, कुणी लॅकरच्या खाली छापतात. तुमच्या फोटोतल्या स्टिकरचा एक कोपरा उचललाय आणि अक्षरांच्या कडा पसरल्यात, हे मला खटकलं. पण नुसत्या तेवढ्यावर मी माल नाकारला नसता. तसंच किमतीचं. साडेसहाशेत चांगलं फुल फेस मिळणं अवघड आहे, तरी जुना स्टॉक काढून टाकणारा दुकानदार कधी कमी भावात देतोही. भाव बघून सावध व्हावं. निकाल मात्र नंबर आणि आतला माल बघून द्यावा.

आता बाकीचे दोन स्टिकर. गिऱ्हाईकाला वाटतं तीन शिक्के म्हणजे तिप्पट मजबूत. डॉट हा अमेरिकेचा शिक्का. तिथे बनवणारा स्वतःच 'माझा माल नियमात बसतो' असं जाहीर करतो, सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं. त्यामुळे आपल्या ॲपसारखा टाकून बघायला परवाना नंबर त्यावर नसतो. २०१३ पासून त्या शिक्क्यावर डॉटच्या खाली मानकाचा नंबर २१८ आणि 'सर्टिफाइड' हा शब्द असावा लागतो, सोबत बनवणाऱ्याचं नाव आणि मॉडेल. तुमच्या फोटोत नुसती डॉट ही तीन चमकदार अक्षरं आहेत. हुबळी काय, कोल्हापूर काय, ती सुटी विकत मिळतात.

ईसीई युरोपचा. त्याची खूण कवचावरच्या स्टिकरवर शोधू नये, हनुवटीच्या पट्ट्यावर शोधावी. तिथे एक कापडी लेबल शिवलेलं असतं. त्यावर वर्तुळात ई आणि शेजारी देशाचा आकडा: १ म्हणजे जर्मनी, ३ म्हणजे इटली, ९ स्पेन, ११ ब्रिटन. खाली मंजुरीचा नंबर, तो ०५ किंवा ०६ ने सुरू होतो, म्हणजे नियमाची कितवी सुधारणा ते कळतं. नंबरानंतर एक अक्षर असतं. पी असेल तर हनुवटीची पट्टी संरक्षण देणारी म्हणून तपासलेली. जे असेल तर तोंड उघडं असलेलं. एनपी असेल तर पट्टी आहे पण ती संरक्षणात धरलेली नाही. हे अक्षर मला फार उपयोगी वाटतं, कारण पुढचा जबडा वर उचलता येणाऱ्या काही हेल्मेटची खरी जात त्यावरून कळते. तुमच्या तिसऱ्या फोटोत पट्टा पूर्ण दिसतोय आणि त्यावर लेबल नाहीच. गोल ई आहे तो मागे, कवचावर चिकटवलेला. त्याला काही अर्थ नाही.

आणि समजा डॉट किंवा ईसीई खरं असतं, तरी आपल्याकडे त्यावर भागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ला भारतीय मानकाचंच हेल्मेट लागतं, आणि १ जून २०२१ पासून आयएसआयशिवाय दुचाकीचं हेल्मेट देशात बनवायला, आणायला, विकायला बंदी आहे. निपाणीच्या अलीकडे असा की कोगनोळी ओलांडून पलीकडे महाराष्ट्रात असा, नियम तोच. गोगटे सर्कलला उभा असलेला पोलीस मामा नंबर तपासत बसणार नाही, हे मलाही माहीत आहे.

आता दुसरा फोटो, आतल्या बाजूचा. माझ्या दृष्टीने तिन्हीत हाच मोठा. हेल्मेटमध्ये दोन वस्तू काम करतात. बाहेरचं कवच मार पसरवतं आणि टोकदार वस्तू आत येऊ देत नाही. आतला कडक थर्माकोलचा थर चेपतो आणि त्या चेपण्यात धक्का खाऊन टाकतो. डोकं एका झटक्यात थांबण्याऐवजी थर चेपेपर्यंतचा जरासा वेळ घेऊन थांबतं, आणि मेंदूच्या दृष्टीने सगळा फरक तेवढ्यात आहे. हा थर एकदा चेपला की परत फुगत नाही. म्हणूनच जोरात पडलेलं हेल्मेट बाहेरून नवं दिसलं तरी बदलावं लागतं. स्पंज याच्या नेमका उलटा: बोटाने दाबला तर मऊ लागतो, पण आपटल्यावर काही न शोषता तळाला टेकतो आणि डोकं कवचावर जाऊन आदळतं. सुखाला स्पंज हवाच, पण तो थर्माकोलच्या आतून, कापडाखाली. थर्माकोलच्या जागी नव्हे.

फोटोत हे ओळखायची जागा म्हणजे कपाळाकडची कड. तिथे कापड वळून आत जातं आणि थोडी फट राहते. तुमचा फोटो मोठा करून बघा, कापडाच्या शिवणीशेजारी बारीक पिवळसर पट्टी दिसते, आणि तिच्यावर अंगठ्याने दाबल्यासारखा खळगा आहे. थर्माकोल असता तर पांढरा, राखाडी किंवा काळा, दाणेदार दिसला असता आणि एवढ्याने खळगा पडला नसता. इथे स्पंजच कवचाला चिकटवलाय असं मला वाटतं. जाडीही पुरेशी दिसत नाही. चांगल्या हेल्मेटमध्ये डोक्याच्या वरच्या भागात हा थर साधारण २०–२५ मिलिमीटर तरी असतो, इथे कवचाची कड आणि कापड जवळजवळ एकमेकांना चिकटलेत. हात लावून बघता आलं असतं तर मी एका मिनिटात पक्कं सांगितलं असतं. फोटोवरून 'बहुतेक' एवढंच.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. हनुवटीच्या पट्टीत थर्माकोल नाही म्हणून हेल्मेट नकली, असं काही व्हिडिओत सांगतात. स्वस्तातल्या अस्सल हेल्मेटमध्येही पुष्कळदा तिथे नुसतं प्लास्टिक आणि कापड असतं. असलेला केव्हाही चांगला, पण नकली ओळखायची ती खूण नव्हे. बघायचा तो डोक्याच्या वरचा आणि कानशिलांकडचा थर.

तिसरा फोटो बाजूचा, पट्टा आणि कवच दाखवणारा. कवचाबद्दल फोटोवरून फार बोलू नये असं माझं मत. एबीएस आहे की दुसरं कुठलं प्लास्टिक, हे फोटोत कुणालाही कळत नाही, कळतं म्हणणारा थापा मारतो. पण पट्टा कवचाला कसा धरलाय ते दिसतं. चांगल्या हेल्मेटमध्ये पट्टा धातूच्या रिव्हेटने कवचातून आरपार धरलेला असतो, रिव्हेटचं डोकं बाहेरून दिसतं किंवा झाकणाखाली असतं. तुमच्या फोटोत डाव्या बाजूला पट्ट्याचं टोक प्लास्टिकच्या चापात अडकवलंय आणि तो चाप कापडाखाली जातो. बाहेरच्या बाजूला त्या जागी काहीच नाही. म्हणजे पट्टा कवचाला धरलेला नसून आतल्या अस्तराला धरलेला असावा. पडताना अस्तर सुटलं की हेल्मेट डोक्यावरून निघून रस्त्यावर गडगडत जाणार. बाकी सगळं ठीक असतं तरी मी या एका कारणासाठी ते परत केलं असतं.

आता समजा हे सगळं चांगलं निघालं असतं. तरीही हे हेल्मेट तुमचं नव्हतं. आपल्याकडे एक्सएल म्हणजे बऱ्याच कंपन्यांत ६२० मिलिमीटर, एल ६००, एम ५८०, एस ५६०. तुमचं डोकं ५७०. एक्सएल तुमच्या डोक्यावर पाच सेंटिमीटर सैल. तुम्हाला एम घालून बघायला हवं; तेही सैल वाटलं तर एस. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून छापील मापावर न जाता डोक्यावर घालूनच ठरवा. माप घेताना टेप भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वात बाहेर येतो तिथून न्या.

घातल्यावर पट्टा लावा आणि मागून खालच्या कडेला हात घालून हेल्मेट पुढे ढकला. निघून येत असेल किंवा डोळ्यांवर उतरत असेल तर ते माप नाही. मग हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा. गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. नवं असताना गाल थोडे दाबले जातात, ते चालतं, पंधरा-वीस दिवसांत स्पंज बसतो. कपाळावर एका ठिकाणी टोचत असेल तर मात्र ते बसत नाही, ते हेल्मेट तुमच्या डोक्याच्या आकाराचंच नाही. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा. रात्री काच खाली करून घालायची सवय असेल तर हा भाग महत्त्वाचा.

काचेचंही तसंच. फोटोत काळी काच लावलीय, दिसायला झकास. तुम्ही रात्री परतता, आणि आपला खानापूरचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. काळी काच घालून त्या रस्त्याने रात्री जाणारा माणूस एक तर ती वर करून जातो किंवा अंदाजाने. वर केली की फुल फेस घेऊन फायदा काय? साधी पारदर्शक काच घ्या. वरच्या बाजूला हवा आत येणारी आणि मागे बाहेर जाणारी अशी दोन्हीकडे खिडकी असलेलं मिळालं तर पावसात काच कमी धुकते. फोटोत पुढची जाळी दिसतेय, पण ती आत उघडलेली आहे की नुसती शोभेची, हे आतल्या फोटोत कापडाआड गेलंय.

विक्रेता आग्रह करत असेल तर त्याच्याकडे अजून तीन फोटो मागा. मागच्या स्टिकरचा, फ्लॅश न लावता आणि दिवसाउजेडी, नंबर वाचता येईल असा. कपाळाकडचं कापड बोटाने बाजूला धरून आतला थर दिसेल असा. आणि पट्टा कवचाला जिथे जोडलाय त्या जागेचा, आतून आणि बाहेरून. देत नसेल तर सोडून द्या. दिले तर इथे टाका, मी बघतो. पण साइझ एम असेल तरच, एक्सएलवर वेळ घालवू नका.